दोन रेषांमधलं अंतर

इस्तंबूलच्या बोआझिची विद्यापीठात एथेम अल्पायदिन आणि जेंक कायनाक यांनी ४३ जणांकडून छापील फॉर्मवर शून्य ते नऊ हे अंक लिहून घेतले. प्रत्येक अंकाचं ३२ बाय ३२ ठिपक्यांचं काळं-पांढरं चित्र तयार केलं. मग त्याचे चार बाय चारचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात शाईचे किती ठिपके आहेत ते मोजलं. असा अख्खा अंक ६४ चौकटींत मावला आणि प्रत्येक चौकटीत ० ते १६ यांपैकी एक संख्या आली. हा संग्रह १९९८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आयर्विन इथल्या भांडारात जमा झाला. त्यातली १७९७ चित्रं आज पायथनच्या scikit-learn या ग्रंथालयासोबत फुकट येतात. मशीन लर्निंग शिकणाऱ्यांपैकी पुष्कळांचा पहिला प्रयोग याच अंकांवर होतो.

मॉडेलला अशी चित्रं उत्तरांसकट दाखवायची, म्हणजे त्याचं ट्रेनिंग करायचं. मग न दाखवलेली चित्रं समोर ठेवायची आणि कोणता अंक आहे ते विचारायचं. शिकवलेल्या चित्रांवर मॉडेल ज्या प्रमाणात चुकतं तो ट्रेनिंग एरर, न दाखवलेल्यांवर ज्या प्रमाणात चुकतं तो व्हॅलिडेशन एरर. पहिला आकडा छान आणि दुसरा वाईट असेल तर मॉडेल ओव्हरफिट झालं असं म्हणतात. दिलेली उदाहरणं त्याने घोकली, त्यांतला सर्वसाधारण नियम त्याच्या हाती लागला नाही.

इथपर्यंत दोन आकडे पुरतात, आलेखाची गरज पडत नाही. पण ट्रेनिंगवर शून्य टक्के आणि व्हॅलिडेशनवर पंधरा टक्के चूक आहे हे कळल्यावर पुढे काय करायचं? आणखी चित्रं गोळा करायची, मॉडेल साधं करायचं, की ते टाकून दुसरं घ्यायचं? दोन आकडे याचं उत्तर देत नाहीत. दोन रेषा बऱ्याच अंशी देतात. म्हणून लर्निंग कर्व्ह काढायचा.

आलेखाच्या आडव्या अक्षावर ट्रेनिंगच्या चित्रांची संख्या असते आणि उभ्या अक्षावर चुकीचं प्रमाण. आधी १७९७ पैकी ३६० चित्रं व्हॅलिडेशनसाठी बाजूला काढायची, म्हणजे ट्रेनिंगसाठी १४३७ उरतात. त्यांतली फक्त ७१ देऊन मॉडेल शिकवायचं. ते त्या ७१ वर किती चुकतं आणि बाजूच्या ३६० वर किती चुकतं, दोन्ही मोजायचं. मग मॉडेल कोरं करून १४३ चित्रांवर नव्याने शिकवायचं, मग २८७ वर, असं करत १४३७ पर्यंत जायचं. प्रत्येक टप्प्यावर दोन बिंदू मिळतात. ते जोडले की दोन रेषा तयार होतात. एक गोष्ट नवशिक्यांच्या नजरेतून हमखास सुटते: ट्रेनिंगची चूक त्या टप्प्यावर दिलेल्या चित्रांवरच मोजायची असते, सगळ्या १४३७ वर नव्हे. व्हॅलिडेशनची चित्रं मात्र प्रत्येक टप्प्यावर तीच राहतात.

हे सगळं scikit-learn मध्ये काही ओळींत होतं:

```python
from sklearn.datasets import load_digits
from sklearn.model_selection import learning_curve, ShuffleSplit
from sklearn.tree import DecisionTreeClassifier

X, y = load_digits(return_X_y=True)
cv = ShuffleSplit(n_splits=20, test_size=0.2, random_state=0)
n, tr, va = learning_curve(
    DecisionTreeClassifier(random_state=0), X, y, cv=cv,
    train_sizes=[0.05, 0.1, 0.2, 0.4, 0.7, 1.0])
print(n, 1 - tr.mean(axis=1), 1 - va.mean(axis=1))
```

हे फंक्शन चुकीऐवजी अचूकतेचं प्रमाण देतं, म्हणून शेवटच्या ओळीत ते एकातून वजा केलं आहे. काही पुस्तकांत आलेख अचूकतेचाच काढलेला असतो आणि त्या रेषा उलट्या, खालून वर जाणाऱ्या दिसतात. अर्थ तोच. `n_splits=20` म्हणजे १४३७ आणि ३६० अशी वाटणी वीस वेळा वेगवेगळ्या तऱ्हेने करून सरासरी घ्यायची. ती का घ्यायची, ते पुढे सांगतो.

इथे मुद्दाम डिसिजन ट्री घेतला आहे, कारण त्याचं घोकणं अगदी डोळ्यांनी पाहता येतं. हा ट्री चित्राला एकामागून एक प्रश्न विचारतो. अमुक ओळीतल्या अमुक चौकटीत शाई सातपेक्षा जास्त आहे का? असेल तर या फांदीवर जा, नसेल तर त्या. त्या फांदीवर पुढचा प्रश्न तयार असतो. प्रश्न कोणता विचारायचा हे ट्रेनिंगच्या चित्रांवरून ठरतं. दोन्ही बाजूंना एकाच अंकाची चित्रं जास्तीत जास्त गोळा होतील असा प्रश्न निवडला जातो. मर्यादा घातली नाही, तर प्रत्येक फांदीच्या टोकाला, म्हणजे पानात, एकाच अंकाची चित्रं उरेपर्यंत ट्री प्रश्न विचारत राहतो. वरच्या फांद्यांवरचे प्रश्न शेकडो चित्रांच्या आधारावर ठरलेले असतात आणि त्यांना काही अर्थ असतो. शून्याच्या पोटात शाई नसते, आठाच्या मध्यात असते, असं काहीतरी ते पकडतात. टोकाशी पोचेपर्यंत मात्र एकेका फांदीवर दोन-तीन चित्रं उरलेली असतात. त्यांतला एखादा तिरका तीन इतरांपासून वेगळा करायचा, तर कोपऱ्यातल्या कुठल्याही चौकटीतला एखाद्या ठिपक्याचा फरक पुरतो. त्या फरकाचा तीनपणाशी काही संबंध नसतो. ज्याने तो अंक लिहिला त्याचा हात त्या क्षणी जरा हलला होता, इतकंच. ट्री तो हललेला हात नियम म्हणून नोंदवून ठेवतो.

आता आलेख पाहा. खालची रेषा, म्हणजे ट्रेनिंगची चूक, डावीकडून उजवीकडे शून्यावर सपाट आहे. ७१ चित्रं द्या किंवा १४३७, ट्री ती पूर्ण पाठ करतो. वरची रेषा डावीकडे खूप उंच सुरू होते. ७१ चित्रांवर शिकलेला ट्री नव्या चित्रांपैकी निम्म्याच्या आसपास चुकतो. पुढे ती रेषा उतरत जाते, आधी झपाट्याने आणि मग हळू, आणि १४३७ पाशी साधारण पंधरा टक्क्यांवर येते. संगणकावर काढाल तेव्हा तुमचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण चित्राचा घाट हाच राहील: एक रेषा तळाला चिकटलेली, दुसरी तिच्यापासून दूर आणि अजून उतरती. ओव्हरफिटिंगचं हे सगळ्यात सरळ दर्शन.

आता त्याच ट्रीवर `max_depth=3` ही मर्यादा घालू, म्हणजे कुठल्याही चित्राला तीनच प्रश्न विचारायची परवानगी. तीन प्रश्नांनी फार तर आठ पानं होतात आणि प्रत्येक पान एकाच अंकाचं नाव सांगू शकतं. अंक आहेत दहा. म्हणजे निदान दोन अंकांचं नाव हा ट्री कधीच घेणार नाही आणि त्या दोन अंकांची सगळी चित्रं चुकणार. या संग्रहात दहाही अंक जवळपास सारख्या संख्येने आहेत, तेव्हा ट्रेनिंगवरसुद्धा वीसेक टक्क्यांखाली चूक येणं अशक्य आहे. प्रत्यक्षात ती निम्म्याच्या घरात राहते, कारण प्रत्येक पानात भलतेच अंक एकमेकांत मिसळलेले असतात. आलेखात डावीकडे ट्रेनिंगची रेषा जरा खाली असते, कारण थोडीच चित्रं असली की तीन प्रश्नांतही बऱ्यापैकी जमतं. चित्रं वाढली तशी ती वर चढते. व्हॅलिडेशनची रेषा थोडी उतरून तिच्याजवळ येते आणि दोघी उंचावरच जोडीने आडव्या होतात. हे अंडरफिटिंग. इथे आणखी दहा हजार चित्रं आणली तरी काही फरक पडणार नाही, आणि ते ती आणण्यापूर्वीच दिसतं. मला या आलेखाची सर्वांत मोठी उपयुक्तता इथे वाटते. चित्रं गोळा करून प्रत्येकाखाली बरोबर उत्तर लिहिणं हे माणसांचं, वेळखाऊ आणि खर्चाचं काम आहे.

हा विचार जुना आहे. एटीअँडटी बेल लॅब्जमध्ये कोरिना कोर्टेस, व्लादिमिर वॅपनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये लर्निंग कर्व्हवर एक निबंध सादर केला. त्यांची अडचण व्यावहारिक होती. मोठ्या संग्रहावर एखादं मॉडेल शिकवायला त्या काळच्या संगणकांना फार वेळ लागे, आणि इतका वेळ घालवल्यावर ते निकामी निघालं तर सगळंच वाया. म्हणून छोट्या संग्रहांवर दोन्ही रेषांचा थोडा भाग काढायचा आणि त्यावरून त्या पुढे कुठे जाऊन थांबतील याचा अंदाज बांधायचा, असं त्यांनी सुचवलं. त्यांच्या मांडणीत व्हॅलिडेशनची रेषा वरून आणि ट्रेनिंगची खालून एकाच पातळीकडे सरकत असते. ती पातळी म्हणजे त्या जातीच्या मॉडेलचा तळ, अमाप उदाहरणं दिली तरी उरणारी चूक. तीन प्रश्नांच्या ट्रीसाठी हा तळ फार उंचावर आहे. अमर्याद ट्रीची वरची रेषा १४३७ पाशी अजून उतरत असते, म्हणजे तो तळ आलेला नाही आणि चित्रं वाढवण्यात अर्थ आहे. मात्र उतार मंदावत जातो. चित्रं ७१ वरून १४३ झाली तेव्हा जेवढा फायदा झाला, त्याचा थोडासा अंश मिळवायलाही शेवटच्या टप्प्यावर शेकडो चित्रं लागतात. म्हणून आडवा अक्ष ७१, १४३, २८७ असा दुपटी-दुपटीने वाढणारा घेतलेला बरा. सारख्या अंतराच्या अक्षावर उजवीकडची रेषा आडवी झाल्यासारखी दिसते आणि माणूस उगाच आशा सोडतो.

इथवर पाहून एखाद्याला वाटेल की दोन रेषांमधलं अंतर कमी करणं हेच उद्दिष्ट. पुष्कळ ठिकाणी तसंच शिकवलं जातं, आणि माझ्या मते या आलेखाचा सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे. ट्रीला सहा प्रश्नांची मर्यादा घालून पाहा. पानं फार तर ६४, त्यामुळे पूर्ण पाठांतर जमत नाही. ट्रेनिंगची चूक शून्यावरून दहा टक्क्यांच्या पुढे चढते. व्हॅलिडेशनची चूक वीस टक्क्यांच्या वर जाते. दोन रेषांमधलं अंतर पूर्वीच्या पंधरा टक्क्यांपेक्षा कमी झालं, आलेख अधिक देखणा दिसायला लागला, आणि नवे अंक ओळखण्यात मॉडेल पहिल्यापेक्षा वाईट झालं. अंतर कमी झालं ते खालची रेषा वर आल्यामुळे. असली दुरुस्ती काय कामाची? मर्यादा घालून फायदा तेव्हा होतो, जेव्हा तिच्यामुळे व्हॅलिडेशनची रेषा खाली येते. ज्या संग्रहात उत्तरंच काही ठिकाणी चुकीची नोंदलेली असतात, तिथे असं पुष्कळदा घडतं, कारण अमर्याद ट्री त्या चुकाही इमानदारीने पाठ करतो. आपल्या अंकांच्या संग्रहात तशी घाण फार थोडी आहे.

उलट दिशेचं उदाहरण रँडम फॉरेस्टचं. यात एकाऐवजी शंभर अमर्याद ट्री असतात. प्रत्येकाला ट्रेनिंगच्या चित्रांची थोडी वेगळी निवड दिली जाते आणि प्रत्येक प्रश्नाच्या वेळी यादृच्छिकपणे काढलेल्या काही चौकटींतूनच निवड करू दिली जाते. शेवटी सगळ्यांच्या मतांवर उत्तर ठरतं. यातला एकेक ट्री पहिल्याइतकाच घोकणारा आहे. पण हललेल्या हाताची प्रत्येकाने केलेली नोंद वेगळी असते, त्यामुळे मतमोजणीत त्या एकमेकींना खोडतात, आणि शून्याच्या रिकाम्या पोटासारख्या खऱ्या खुणा सगळ्यांत समान असल्याने टिकतात. आलेखात ट्रेनिंगची रेषा इथेही शून्याशी चिकटलेलीच आहे. व्हॅलिडेशनची मात्र १४३७ चित्रांपाशी दोन-तीन टक्क्यांवर येते. ट्रेनिंगवर शून्य चूक म्हणजे मॉडेल बिघडलेलं, असं मानून हे मॉडेल फेकून दिलं असतं तर आपलंच नुकसान झालं असतं. याहून साधं उदाहरण म्हणजे नव्या चित्राशी सर्वांत मिळतंजुळतं एक जुनं चित्र शोधून त्याचंच उत्तर देणारी पद्धत. तिची ट्रेनिंगची चूक स्वाभाविकच शून्य, कारण प्रत्येक चित्राशी सर्वांत मिळतंजुळतं चित्र ते स्वतःच असतं. तरीही मूळ संग्रहाच्या कागदपत्रांत, ट्रेनिंगमध्ये नसलेल्या १७९७ चित्रांवर तिची अचूकता ९८ टक्के नोंदली आहे. म्हणून वाचताना आधी वरच्या रेषेची उंची पाहायची, मग तिचा उतार. दोन रेषांमधलं अंतर तिसऱ्या क्रमांकावर. उंची समाधानकारक नसेल, तर ती कशी कमी करायची याची दिशा अंतरावरून कळते. उंची समाधानकारक असेल तर अंतराला भिण्याचं कारण नाही.

वीस वेळा वाटणी करण्याचं कारण साधं आहे. व्हॅलिडेशनमध्ये ३६० चित्रं आहेत, म्हणजे एक चित्र इकडचं तिकडे झालं की चूक सुमारे पाव टक्क्याने बदलते. खरी चूक पंधरा टक्के असली, तरी ३६० चित्रांच्या एकाच निवडीवर मोजलेला आकडा नुसत्या योगायोगाने दोन टक्के वर किंवा खाली सहज जातो. संख्याशास्त्रातल्या प्रमाणाच्या नेहमीच्या सूत्रात १५ टक्के आणि ३६० घातले की हे दोन टक्के मिळतात. एकाच वाटणीवर काढलेली रेषा त्यामुळे दातेरी असते. कुठेतरी ती अचानक वर उसळते आणि पाहणाऱ्याला तिथे ओव्हरफिटिंग सुरू झाल्यासारखं वाटतं. वीस वाटण्यांची सरासरी रेषा गुळगुळीत असते. तिच्याभोवती वीस आकड्यांचा पसारा पट्ट्यासारखा रंगवला, तर दोन मॉडेलांमधला फरक खरा की योगायोगाचा, याचा बराचसा अंदाज येतो. असा पट्टा नसलेल्या आलेखावरून अर्ध्या टक्क्याच्या फरकावर कोणी निर्णय घेतला, तर मी तरी तो मानणार नाही.

लर्निंग कर्व्ह या नावाचा दुसराही आलेख प्रचारात आहे आणि दोन्हींची गल्लत होते. न्यूरल नेटवर्क शिकवताना तीच उदाहरणं पुन्हा पुन्हा फिरवली जातात. अशा एका पूर्ण फेरीला इपॉक म्हणतात. तिथे आडव्या अक्षावर इपॉक असतात आणि चित्रांची संख्या कायम राहते. ट्रेनिंगची रेषा खाली जात राहते. व्हॅलिडेशनची आधी खाली जाते, मग वळून वर चढू लागते. वळणाच्या जागेचं मॉडेल राखून ठेवणं याला अर्ली स्टॉपिंग म्हणतात. वळण नेमकं कोणतं समजायचं, हेही सोपं नाही. रेषेला मध्येच लहान उंचवटे येतात आणि पहिल्याच उंचवट्यावर थांबणारा घाई करतो. लुट्झ प्रेचेल्ट यांनी १९९८ मध्ये थांबण्याच्या वेगवेगळ्या नियमांची तुलना केली ती याच अडचणीपोटी. अशा आलेखात उभ्या अक्षावर बहुधा चुकीऐवजी लॉस असतो, आणि लॉसमध्ये मॉडेल किती ठामपणे चुकतं हेही धरलेलं असतं. म्हणून कधीकधी लॉसची रेषा वर चढते आणि चुकीची रेषा जागच्या जागी राहते. चुकांची संख्या तीच असते, पण त्या आता अधिक आत्मविश्वासाने केलेल्या असतात. आलेख हाती आला की दोन्ही अक्षांवर काय लिहिलं आहे ते आधी वाचायचं, ते यासाठी.

आता मूळ आलेखातली सर्वांत खोल अडचण. हे सगळं निदान उभं आहे ते व्हॅलिडेशनची चित्रं मॉडेलला खरोखर नवी आहेत या भरवशावर. आपण १७९७ चित्रं पिसून वाटली. पण ही १७९७ चित्रं ४३ पैकी १३ जणांच्याच हातची आहेत, म्हणजे प्रत्येकाची सरासरी १३८. पिसल्यावर प्रत्येक माणसाचे काही अंक ट्रेनिंगमध्ये जातात आणि काही व्हॅलिडेशनमध्ये. एखादा माणूस साताला मधोमध आडवी रेघ देत असेल, तर ती रेघ मॉडेलने ट्रेनिंगमध्येच पाहिलेली असते. व्हॅलिडेशनमध्ये तेच वळण पुन्हा समोर आलं की ते चटकन ओळखतं. चित्र नवं, पण हात ओळखीचा.

हे तपासून पाहता येतं. scikit-learn च्या प्रतीत लेखकांची नावं किंवा क्रमांक नाहीत. मात्र चित्रांचा क्रम पिसलेला नाही, एकेका माणसाचे अंक बहुतांशी सलग आले आहेत. म्हणून चित्रं न पिसता सलग तुकडे पाडले, की व्हॅलिडेशनमध्ये बरेचसे अनोळखी हात येतात. लॉजिस्टिक रिग्रेशन हे साधं मॉडेल घेऊन दोन्ही तऱ्हेने मोजलं, तर पिसलेल्या वाटणीत चूक तीन-चार टक्के दिसते आणि सलग तुकड्यांत ती जवळजवळ दुप्पट होते. मॉडेल तेच, चित्रं तीच. पहिल्या आलेखात दोन रेषा एकमेकींच्या जवळ दिसत होत्या, कारण दोघीही त्याच तेरा हातांवर मोजलेल्या होत्या. मॉडेलने माणसं पाठ केली होती आणि आलेख ते दाखवू शकत नव्हता.

दुसऱ्या टोकाचीही काळजी घ्यावी लागते. चित्रं अंकवार लावलेली असली, आधी सगळे शून्य, मग सगळे एक, आणि कोणी न पिसता पहिली ७१ घेतली, तर मॉडेल शून्याखेरीज काहीच शिकत नाही. आलेखाच्या डाव्या टोकाला मग ट्रेनिंगची चूक शून्य आणि व्हॅलिडेशनची नव्वद टक्के असं भयंकर चित्र उमटतं. तो दोष मॉडेलचा नसतो. पिसायचं ते अंकांच्या बाबतीत, आणि वेगळं ठेवायचं ते माणसांच्या बाबतीत. दोन्ही एकदम साधायला scikit-learn मध्ये `StratifiedGroupKFold` आहे, पण त्याला कोणतं चित्र कोणाच्या हातचं हे सांगावं लागतं. म्हणून संग्रह करतानाच ती नोंद ठेवलेली हवी. देवनागरी अंकांच्या बाबतीत हे आणखी जाणवतं. आपल्याकडे पाच, आठ, नऊ हे अंक लिहिण्याची वळणं प्रांताप्रांतानुसार आणि शाळेशाळेनुसार बदलतात. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने जमवलेल्या हस्तलिखित देवनागरी अंकांच्या संग्रहात बावीस हजारांहून अधिक नमुने आहेत आणि ते हजाराहून अधिक जणांनी लिहिलेले आहेत. अशा संग्रहाबद्दल मला यातला दुसरा आकडा पहिल्यापेक्षा जास्त काही सांगतो. आडव्या अक्षावर चित्रांच्या संख्येऐवजी माणसांची संख्या घेऊन लर्निंग कर्व्ह काढला, तर आणखी चित्रं हवीत की आणखी माणसं हवीत, या प्रश्नाला सरळ उत्तर मिळतं.

अल्पायदिन आणि कायनाक यांनी हे आधीच ओळखलं होतं. त्यांनी ४३ पैकी ३० जणांची ३८२३ चित्रं एका बाजूला ठेवली आणि उरलेल्या १३ जणांची १७९७ चित्रं पूर्णपणे वेगळी काढली. तीस जणांच्या चित्रांतली निम्मी ट्रेनिंगसाठी, पाव व्हॅलिडेशनसाठी आणि उरलेली पाव ओळखीच्या हातांवरच्या चाचणीसाठी वापरली. अनोळखी तेरा जणांवर मॉडेल किती चुकतं हेच गुणवत्तेचं खरं माप, असं त्यांनी संग्रहासोबतच्या टिपणात लिहून ठेवलं आहे. scikit-learn मध्ये नेमका हा तेरा जणांचाच भाग आला आणि तीस जणांचा भाग आयर्विनच्या भांडारातच राहिला. दोन्ही फायली, `optdigits.tra` आणि `optdigits.tes`, तिथून आजही उतरवून घेता येतात. वरच्या कोडमधली वाटणी काढून ट्रेनिंग पहिलीवर आणि मोजणी दुसरीवर केली, तर तिसरी रेषा मिळते. पिसलेल्या आलेखावरची व्हॅलिडेशनची रेषा आणि ही तिसरी रेषा यांच्यातलं अंतर किती पडतं, ते पाहायचं.